टीव्ही बिघडलेला नसतो, वाट चुकलेली असते

(विरंगुळा केंद्रातल्या शनिवारच्या वर्गासाठी केलेलं बोलणं, जसं झालं तसंच लिहून काढलंय.)

मंडळी, बत्तीस वर्षं मी टीव्ही दुरुस्तीचं दुकान चालवलं. आता दुकान बंद आहे, फोन मात्र बंद होत नाही. रोज संध्याकाळी कुणाचा ना कुणाचा येतोच. वाक्य एकच असतं: "अहो, टीव्ही बंद पडलाय." मी विचारतो, "पडद्यावर काय दिसतंय?" यावर तीन-चतुर्थांश लोक म्हणतात, "काहीच नाही." मग मी म्हणतो, "समोर जाऊन बघून सांगा." की मग कळतं, निळ्या पडद्यावर चार इंग्रजी अक्षरं आहेत, किंवा मधोमध गोल फिरतंय, किंवा खाली लाल दिवा लुकलुकतोय. 'काहीच नाही' असं सहसा नसतं.

पुण्यात १९७३ साली सिंहगडावरून दूरदर्शनचं प्रक्षेपण दिसायला लागलं. तेव्हा गच्चीवर अँटेना, तिचं तोंड सिंहगडाकडे, तिथून एक चपटी वायर खाली आली की थेट टीव्हीत. संपलं. चित्र गेलं तर गच्चीवर जायचं नाहीतर टीव्ही उघडायचा, तिसरी जागाच नव्हती. कावळा अँटेनावर बसला तरी मुंग्या दिसायच्या! आज तुमच्या त्याच दिवाणखान्यात चित्र तीन-चार वाटांनी येतं. केबलचा किंवा छत्रीचा सेट-टॉप बॉक्स ही एक वाट. टीव्हीच्या आतलीच ॲपं, जी वायफायवर चालतात, ती दुसरी. मागे खोचलेली, वायफायवरची ॲपं दाखवणारी स्टिक ही तिसरी. नातवाचं गेमचं खोकं असेल तर चौथी. टीव्ही एका वेळी यातली एकच वाट दाखवतो. तुमची निम्मी दुखणी ही की टीव्ही एका वाटेकडे डोळे लावून बसलाय आणि चित्र दुसऱ्या वाटेवर येऊन उभं आहे.

म्हणून पहिली सवय लावून घ्या. चित्र गेलं की बटणं दाबायची नाहीत. आधी फोन काढून पडद्याचा फोटो काढायचा. हसू नका. तुम्ही घाबरून सहा बटणं दाबता, तोवर मूळ संदेश पुसला जातो, आणि मग मलाच काय, कंपनीच्या माणसालाही कळत नाही की सुरुवात कुठून झाली. शिवाय त्या सहांपैकी एखाद्या बटणाने नवीनच घोळ होतो. आवाज बंद होतो, भाषा बदलते, चित्र चौकोनी होतं. मूळ दुखणं राहतं बाजूला.

आता ते निळ्या पडद्यावरचं No Signal. याचा अर्थ नीट समजून घ्या, कारण हे वाचून लोक सर्वांत जास्त घाबरतात. टीव्ही सांगतोय, "मी जिवंत आहे, पण तुम्ही मला ज्या खिडकीशी बसवलंय, तिथून काही येत नाही." खिडकी म्हणजे टीव्हीच्या मागे वायर खोचायची जागा. म्हणजे टीव्ही शाबूत आहे. ही अक्षरं तोच तर लिहितोय!

आपल्याच वर्गातल्या एका काकांचं सांगतो, त्यांची परवानगी घेतली आहे. त्यांना रोज सकाळी सातला बातम्या लागतात. आठवड्यातून दोन-तीनदा सकाळी No Signal. मग ते केबलवाल्याला फोन करत, तो दहाला येई, काहीतरी दाबे, चित्र दिसे. जाताना पन्नास-शंभर रुपये. असं तीन महिने चाललं. शेवटी मी गेलो. टीव्हीच्या मागे पाहिलं तर चित्र आणि आवाज आणणाऱ्या दोन एचडीएमआय वायरी. एक सेट-टॉप बॉक्सची, HDMI 1 मध्ये. दुसरी नातवाच्या गेमची, HDMI 2 मध्ये. शुक्रवार-शनिवार नातू रात्री खेळायचा आणि तिथेच टीव्ही बंद करून झोपायचा. बरेच टीव्ही बंद करताना ज्या खिडकीवर असतात, सकाळी त्याच खिडकीवर उघडतात. गेमचं खोकं बंद, म्हणून HDMI 2 वर काही नाही. बॉक्स बिचारा HDMI 1 वर बातम्या पाठवत बसलेला.

उपाय अर्ध्या मिनिटाचा. टीव्हीच्या रिमोटवर एक बटण असतं. त्यावर Source किंवा Input लिहिलेलं असतं, नाहीतर एका चौकोनात शिरणारा बाण काढलेला असतो. टीव्हीच्या रिमोटवर म्हणतोय, बॉक्सच्या नव्हे. ते एकदा दाबलं की पडद्यावर यादी येते. वर-खाली करून आपली खिडकी निवडायची, मधलं ओके दाबायचं आणि दहा सेकंद थांबायचं. हे थांबणं महत्त्वाचं आहे. चित्र यायला चार-पाच सेकंद लागतात, आणि तेवढ्यात आपण पुढच्या खिडकीवर गेलेलो असतो.

काकांच्या टीव्हीच्या कडेला मी एक पांढरी चिकटपट्टी लावली: "१ – केबल. २ – नातू." टीव्हीच्या आत शिरूनही खिडक्यांना नावं देता येतात, पण मला कागदच आवडतो. चष्मा नसताना मेनूत शिरायला नको.

खिडकी बरोबर आहे, तरी No Signal? मग बॉक्सकडे बघा. त्याचा दिवा कुठल्या रंगाचा आहे? बहुतेक बॉक्सना चालू असताना हिरवा किंवा निळा आणि झोपलेला असताना लाल दिवा असतो. तुमचा कसा आहे ते सगळं सुरळीत असतानाच बघून ठेवा. लाल असेल तर बॉक्स झोपलाय. हे वारंवार होण्याचं कारण मोठं मजेशीर असतं. बॉक्सच्या रिमोटवर अनेकदा चालू-बंदची दोन बटणं असतात, एक बॉक्सचं आणि एक टीव्हीचं. रात्री काकू टीव्हीच्या रिमोटने फक्त टीव्ही बंद करतात, बॉक्स जागाच राहतो. सकाळी काका दोन्ही दाबतात. टीव्ही जागा होतो आणि जागा असलेला बॉक्स झोपी जातो! नवरा-बायकोच्या दोन पद्धती, बाकी बिघाड काही नाही. घरात एकच रीत ठरवा. मी म्हणतो, बंद करताना दोन्ही बंद.

दिवा हिरवा आहे, तरीही चित्र नाही, तर एचडीएमआय वायर दोन्ही टोकांनी काढून पुन्हा घट्ट बसवा. धूळ झटकताना किंवा टीव्ही सरकवताना ती अर्धी बाहेर येते. काढण्याआधी टीव्ही आणि बॉक्स दोन्ही भिंतीवरच्या बटणाने बंद करा. ओढताना वायर धरायची नाही, तिचं डोकं धरायचं. तोंड एका बाजूला निमुळतं असतं, उलटं जात नाही, तेव्हा जोर करू नका. तुमची कंबर आणि गुडघे टीव्हीमागे वाकण्याच्या लायकीचे नसतील तर हे शेजारच्या पोराला सांगा. स्टुलावर तर मुळीच चढू नका.

आता एक बारीक पण उपयोगाची गोष्ट. कधीकधी संदेश टीव्हीचा नसतो, बॉक्सचा असतो. त्यावर बॉक्सच्या कंपनीचं चिन्ह असतं, काहीतरी आकडा असतो, "सिग्नल उपलब्ध नाही" किंवा "रिचार्ज करा" असं लिहिलेलं असतं. ओळखायचं कसं? बॉक्सच्या रिमोटवरचं Menu दाबा. मेनू दिसला तर बॉक्स, वायर, खिडकी, टीव्ही सगळं ठीक आहे. बिघाड बॉक्सच्याही पलीकडे आहे, म्हणजे छत्रीत, गच्चीवरच्या वायरीत किंवा पैसे भरण्यात. जून-जुलैत धो-धो पावसात छत्रीचं चित्र जातं, ते तर आपोआप येतं. त्या लहरी इतक्या आखूड असतात की दाट पावसाचे थेंबच त्यांना शोषतात. पाऊस ओसरायची वाट बघा आणि चहा करा. तासाभराने आभाळ मोकळं होऊनही चित्र आलं नाही, तर छत्री वाऱ्याने हलली असेल किंवा वायरीत पाणी शिरलं असेल. ते काम माणूस बोलावून करायचं. गच्चीवर आपण जायचं नाही.

इथवर बॉक्सचं झालं. गोल फिरणारं चक्र हे वेगळंच दुखणं आहे. ते दिसतं मोबाईलवर बघतो तसल्या ॲपांमध्ये. मालिका चालू होते, दोन मिनिटांनी थांबते, चक्र फिरतं, पुन्हा चालू होते. म्हणजे ॲपला जेवढ्या वेगाने चित्र हवंय, तेवढ्या वेगाने ते पोचत नाहीये. बादली भरतेय हळू आणि आपण तांब्याने उपसतोय भरभर. इथे टीव्ही, वायफाय, बाहेरून येणारी लाईन आणि खुद्द ॲप असे चार संशयित असतात. सगळ्यांवर एकदम तुटून पडायचं नाही, एकेकाला बाजूला काढायचं.

सगळ्यात चांगली चाचणी हॉटस्पॉटची, म्हणजे फोनचं इंटरनेट टीव्हीला द्यायचं. वर्गात एक काकू म्हणाल्या, रोज रात्री साडेआठला चक्र, दुपारी कधीच नाही. नवा टीव्ही घ्यायची तयारी चालली होती. मुलाने त्याआधी लाईन बदलून जास्त वेगाची घेतली होती, म्हणजे दरमहा जास्त पैसे, आणि चक्र तसंच. मी म्हटलं, आज साडेआठला टीव्हीचं वायफाय सोडा. फोनमध्ये हॉटस्पॉट चालू करा आणि टीव्ही त्याला जोडा. टीव्हीच्या Settings मध्ये नेटवर्कमध्ये जाऊन फोनचं नाव निवडायचं आणि फोनवर दिसणारा पासवर्ड टाकायचा. दहा मिनिटं बघितलं. एकदाही अडकलं नाही.

म्हणजे काय झालं बघा. टीव्ही निर्दोष, कारण तोच टीव्ही. ॲप निर्दोष, कारण तेच ॲप. उरले घरचं वायफाय आणि बाहेरची लाईन. मग घरभर वायफाय देणारं खोकं, म्हणजे राऊटर, त्याच्या शेजारी, दोन हातांवर फोन ठेवून वेग मोजला. फोनच्या ब्राउझरमध्ये fast.com उघडलं की आपोआप आकडा येतो. मात्र मोजताना फोन वायफायवर असला पाहिजे, मोबाईलचं इंटरनेट बंद. आकडा आला चाळीस. तोच फोन टीव्हीशेजारी नेला, आकडा आला तीन. लाईन चांगली, वाटेत चोरी. नेटफ्लिक्सवाले साध्या एचडीला तीन, फुल एचडीला पाच आणि फोर-केला पंधरा एमबीपीएस लागतात असं सांगतात. तीन म्हणजे अगदी काठावर. घरातल्या दुसऱ्याने व्हिडिओ कॉल लावला की संपलं.

आणि साडेआठलाच का? साडेआठला सून मुलाच्या खोलीत लॅपटॉपवर मीटिंगला बसायची आणि नात तिच्या फोनवर. पण मुख्य गुन्हेगार वेगळा होता. राऊटर दिसायला वाईट दिसतो म्हणून घरच्यांनी तो लोखंडी कपाटाच्या आत ठेवला होता! धातूच्या पेटीतून वायफायला बाहेर पडायला जागाच नाही. दुपारी एकटा टीव्ही चालू, कसंबसं जमायचं. रात्री तिघांनी ओढलं की दम संपला. राऊटर कपाटावर ठेवला, आकडा सव्वीस झाला. नवा टीव्ही रद्द. जास्तीच्या वेगाचा प्लॅनही त्यांनी पुढच्या महिन्यात उतरवला.

राऊटर उघड्यावर, छातीएवढ्या उंचीवर, टीव्हीच्या मागे नको आणि माशांच्या पेटीशेजारी नको, कारण पाणीही त्या लहरी खातं. मायक्रोवेव्हपासून दूर ठेवा. तो चालू असताना ज्या लहरी निसटतात, त्या वायफायच्या जुन्या पट्ट्याच्याच आहेत, २.४ वाल्या. तुमच्या वायफायच्या यादीत एकाच नावाची दोन नावं दिसतात ना, एकाला शेवटी 5G? ते मोबाईलचं फाइव्ह-जी नव्हे. तो ५ गिगाहर्ट्झचा पट्टा, वेगवान पण भिंतीत दम सोडणारा. टीव्ही राऊटरच्याच खोलीत असेल तर तो घ्या, दोन भिंती मध्ये असतील तर साधा घ्या.

हॉटस्पॉटची एक सावधगिरी. चाचणी झाली की तो बंद करा. एचडीत तासाला तीनेक जीबी जातात, दिवसाचा कोटा दुसऱ्या सीनला संपेल.

आता इंटरनेटच्या पांढऱ्या डबीवरचे दिवे. फायबरची लाईन असेल तर भिंतीला पातळ, बहुधा पिवळी किंवा पांढरी वायर येते. तिच्या डबीवर LOS असं लिहिलेला एक दिवा असतो. तो लाल झाला किंवा लाल लुकलुकला तर उजेड पोचतच नाहीये. बाहेर कुठे फायबर तुटलीय, किंवा घरात ती पातळ वायर जोरात दुमडली गेलीय. आत काच असते, तिला कोपऱ्यात घडी पडलेली चालत नाही. वायर दुमडलेली नाही ना एवढं बघा आणि तक्रार नोंदवा. इथे टीव्हीचं काही करून उपयोग नाही. दिवा लाल असताना लोकांनी टीव्हीचं फॅक्टरी रिसेट केलेलं मी पाहिलंय. त्यात सगळे पासवर्ड जातात, आणि ते कुठे लिहिलेत, तर मुलाच्या डोक्यात, आणि मुलगा टोरांटोला. रिसेट हा शब्द दिसला की हात मागे.

रीस्टार्ट वेगळं. तो करा, पण नीट. रिमोटने बंद केलेला टीव्ही झोपतो, मरत नाही. आतलं ॲप तसंच अडकलेलं राहतं. भिंतीवरचं बटण बंद करा, एक मिनिट थांबा, कारण आतल्या कपॅसिटरांत थोडी वीज उरलेली असते. मग क्रम पाळा. आधी फायबरची डबी आणि राऊटर चालू करा आणि दिवे स्थिर होईपर्यंत, म्हणजे तीन-चार मिनिटं, थांबा. टीव्ही त्यानंतर. उलट केलंत तर टीव्ही जागा होऊन वायफाय शोधतो, सापडत नाही, आणि तुम्ही म्हणता रीस्टार्ट करूनही गुण नाही.

कधी पडद्यावर लिहून येतं की खूप जण एकाच वेळी बघतायत. हा बिघाड नव्हे. तुमच्या खात्यावर मुलगा तिकडे बघतोय. वेळ बदला किंवा त्याला फोन करा. त्याला आनंद होईल की नाही, ते तुमचं तुम्ही बघा.

ज्यांच्याकडे स्टिक आहे त्यांच्यासाठी एकच गोष्ट, पण मला ती महिन्यातून दोनदा दिसते. मधेच स्टिक आपली आपण बंद होऊन कंपनीचं चिन्ह दाखवते. बघायला गेलं तर तिची वायर टीव्हीच्या यूएसबीत खोचलेली असते. त्या खिडकीतून अनेक टीव्हीत अर्धा अँपिअरच मिळतो, स्टिकला एक लागतो. खोक्यातला तिचा स्वतःचा ॲडॅप्टर वापरा आणि भिंतीच्या प्लगमध्ये लावा. बहुतेकदा तेवढंच.

रिमोट चालत नसेल तर नवा आणण्याआधी फोनचा सेल्फीचा कॅमेरा चालू करा, रिमोटचं टोक त्याच्याकडे धरा आणि बटण दाबा. डोळ्याला न दिसणारा दिवा कॅमेऱ्याला जांभळट-पांढरा लुकलुकताना दिसतो. लुकलुकला तर रिमोट ठीक, टीव्हीच्या खालच्या डोळ्यासमोर गणपतीची मूर्ती किंवा फुलदाणी आहे का ते बघा. नाही लुकलुकला तर दोन्ही सेल बदला, एक जुना एक नवा नको. स्टिकचे आणि आवाजावर चालणारे रिमोट मात्र बऱ्याचदा ब्लूटूथवर असतात, त्यांना ही परीक्षा लागू नाही.

शेवटी तक्रारीचा नंबर. तो गुगलवर शोधायचा नाही. तिथे पहिल्या ओळीत ठगांचे नंबर सापडू शकतात. आपल्या गल्लीतल्या एका आजोबांना असाच फोनवरचा 'ग्राहक सेवा' माणूस म्हणाला, दहा रुपये भरून तक्रार नोंदवा आणि हे ॲप घाला, म्हणजे मला तुमचा पडदा दिसेल. पडदा दिसला, ओटीपी दिसला, खात्यातले चाळीस हजार गेले. नंबर घ्यायचा बिलावरून, किंवा बॉक्सच्या आणि राऊटरच्या मागच्या स्टिकरवरून. टीव्ही दुरुस्तीला बँकेचा ओटीपी लागत नाही, फोनचा पडदाही दाखवावा लागत नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा किंवा cybercrime.gov.in वर नोंदवा. जितकं लवकर, तितकी रक्कम वाटेत थांबण्याची शक्यता जास्त.

पुढच्या शनिवारी येताना प्रत्येकाने आपल्या टीव्हीच्या मागच्या बाजूचा एक फोटो आणि राऊटरच्या दिव्यांचा एक फोटो घेऊन या, सगळं सुरळीत चालू असतानाचा. टीव्ही भिंतीला चिकटलेला असेल तर फोन कडेने आत सरकवून फोटो काढा, टीव्ही हलवू नका. आणि सोबत चिकटपट्टी. पेन मी आणतो.